अडीच सेकंदांची बकरी

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा नमस्कार. (पायाला हात लावला असं समजा. तुमचे गुडघे आणि माझी कंबर बघता पत्रातून नमस्कार करणंच दोघींच्या सोयीचं.) गुडघ्यांना तेल लावता ना? लावत नाही हे मला माहीत आहे, तरी विचारते. पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारली नाही तर वन्सं पुढचं वाचत नाहीत, असं हे म्हणायचे. माझी तब्येत ठीक आहे. भूक लागते, झोप येते, भांडी घासली जातात. आणखी काय हवं, असं भेटायला येणारे म्हणतात, आणि मी बरं म्हणते.

तुमचं पत्र पोचलं. त्यातल्या चार ओळी गुडघ्यांवर आणि उरलेली दोन पानं माझ्यावर होती. मी या वयात सिनेमात काम करू लागले आणि यांना जाऊन पुरतं दीड वर्ष झालेलं नाही, असं थोरल्या जाऊबाईंनी तुम्हाला कळवलं. वन्सं, बातमी खरी आहे. जाऊबाईंनी फक्त माप सांगितलेलं नाही. मी सिनेमात अडीच सेकंद काम केलं. तोंड दिसत नाही, नाव येत नाही, आणि बोलले ते बकरीबद्दल. एवढ्यावर घराण्याचं नाव जात असेल तर ते आधीच फार हलकं बसवलेलं असणार. तरी सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे जाऊबाईंना उत्तर देताना तुमच्याकडे माल राहील.

तुमचा भाऊ काय काम करायचा हे तुम्हाला कधी नीट कळलं नाही. तुम्ही लोकांना ‘सिनेमात लिहितो’ असं सांगायचात आणि लोक गाणी मागायचे. हे परदेशी सिनेमांचे संवाद मराठीत लिहायचे. पडद्यावरचं माणूस मराठी बोलतंय असं वाटायला हवं, इतकं. वाटायला सोपं, पण पडद्यावरच्या माणसाचं तोंड आधीच हलून झालेलं असतं. ते जितका वेळ हललं तितकाच वेळ आपलं वाक्य चाललं पाहिजे, आणि जिथे त्याचे ओठ मिटतात तिथे आपल्या वाक्यातही ओठ मिटणारं अक्षर यायला हवं. म्हणजे प, फ, ब, भ, म. माणूस ओठ घट्ट मिटतो आणि आपण त्याच्या तोंडी ‘ए’ घातला, तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते कळत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. आणि विश्वास उडालेला माणूस हसत नाही. हे जेवतानासुद्धा समोरच्याचे ओठ बघायचे. लग्नानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं की माझ्याकडे बघतायत.

विनोदाचं तर आणखी वेगळंच. रडणं कुठल्याही भाषेत रडणंच असतं, मारामारी तर बिनभाषेची. विनोद मात्र सरहद्दीवर अडकतो, असं हे म्हणायचे. तिकडच्या लोकांना कुठल्याशा पुढाऱ्याच्या टोपीवरून हसू येतं, इकडे ना तो पुढारी ना ती टोपी. मग काय करायचं, तर त्या जागी आपलं काहीतरी ठेवायचं, पण तेवढ्याच लांबीचं, तेवढ्याच ओठांचं, आणि मुख्य म्हणजे तेवढ्याच हसण्याचं. कारण पडद्यावरची माणसं किती हसली ते ठरून गेलेलं असतं. चौघं पोट धरून हसत असतील आणि आपलं वाक्य स्मित करण्याच्या लायकीचं असेल, तर पडद्यावरची माणसं वेडी दिसतात.

यांचा मोठा आधार म्हणजे पाठमोरी माणसं. पडद्यावर कुणी पाठ केली, वाकलं, दाराआड गेलं की तोंड दिसत नाही, आणि तोंड दिसत नाही म्हणजे आपण राजे. मुळात तो माणूस नुसता खाकरला असेल, पण हे त्याच्या पाठीतून असं काही बोलवायचे की थेटरात त्यालाच मोठा हशा. समोरून गमावलेला विनोद पाठीमागून वसूल करायचा, असा यांचा धंद्याचा नियम. त्या पाठमोऱ्या नटांना कधी कळलंही नसेल की आपण दुसऱ्या भाषेत एवढे विनोदी आहोत.

आणि प्रत्येक वाक्य आधी माझ्यावर. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काही वाचलं ते यांचे शब्दकोश आणि वाचनालयातली पुस्तकं, स्वयंपाक होईपर्यंत एका हातानं. हे दारात उभे राहून वाक्य म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी हसले तर वाक्य राहायचं. मी ‘बरं’ म्हटलं तर जागच्या जागी खोडायचे. वन्सं, एकोणतीस वर्षांत मी किती वेळा ‘बरं’ म्हटलं त्याचा हिशोब आता मनात नको म्हटलं तरी होतो. थोडं उगाच हसायला काय झालं होतं मला?

असो. यांना जाऊन वर्ष होऊन गेलं आणि स्टुडिओतून फोन आला. तिथले डबिंगचे दिग्दर्शक तुम्हाला माहीत नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात पुन्हाएकदा म्हणते, कारण त्यांच्या तोंडून दुसरं फारसं काही बाहेर पडत नाही. ते म्हणाले, वहिनी, त्यांचं शेवटचं काम अडकलंय, या एकदा. मी गेले. खोली तशीच, भिंतींना फोम, मधे माइक, समोर पडदा, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाले (हे त्यांना कानवाले म्हणायचे, कारण जेवतानाही हेडफोन गळ्यात). तिथे एक नवे लेखक बसले होते. चांगले शिकलेले, ती परदेशी भाषा येणारे, आणि हसताना दात न दाखवणारे.

काम असं होतं. एक परदेशी विनोदी सिनेमा. लिफ्ट दुरुस्त करणारा एक म्हातारा, त्याला आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगायची भारी हौस. त्याची बायको अख्ख्या सिनेमात एक अक्षर बोलत नाही. वाढते, उचलते, ऐकते. शेवटाकडे जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर म्हातारा एका बँकेच्या साहेबाबरोबर लिफ्टमध्ये अडकल्याची लांबलचक गोष्ट सांगतो, आणि तिथे ती बाई नव्वद मिनिटांत पहिल्यांदा आणि शेवटचं तोंड उघडते. एक वाक्य. अडीच सेकंद. मग म्हातारा, आपल्याकडे पाठ करून कपाटातून काहीतरी काढत असतो, तो नुसता ‘हं’ करतो, आणि पाहुणे चार सेकंद हसतात. एक जण डोळे पुसतो.

यांचा सगळा सिनेमा लिहून झाला होता. फक्त त्या बाईचं वाक्य कोरं. समोर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: ‘हिला विचारायचं.’

मी ते अक्षर बघत बसले. पुन्हाएकदा म्हणाले, तुम्हाला काही बोलले होते का ते? मी म्हटलं, नाही. दवाखान्यातले शेवटचे दिवस आम्ही काय बोललो तर गॅसचा नंबर लावलास का, आणि खिडकी लावू का. त्यात हे राहून गेलं.

आता अडचण काय, तर नवे लेखक म्हणाले, एक वाक्य नाही म्हणजे सिनेमाचा कळसच नाही. शिवाय आधीच्या लेखकांनी (म्हणजे यांनी) मुळात नसलेलं बरंच पाठमोऱ्या माणसांच्या तोंडी घातलंय, ते मला पटत नाही. मी ते काढलेलं आहेच. आता हे वाक्यही मीच लिहायचं असेल तर सगळंच नव्यानं लिहितो, म्हणजे एकाच हातचं होईल, आणि पाटीवर एकच नाव येईल. पाटी म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीला ‘मराठी संवाद’ म्हणून येते ती. एकोणतीस वर्षं त्या पाटीवर यांचं नाव बघायला मी थेटरात वेळेआधी जाऊन बसायची. यांचं शेवटचं नाव त्या पाटीवर येणार की नाही ते आता बाईच्या अडीच सेकंदांवर आलं. पुन्हाएकदा भले माणूस. म्हणाले, वहिनींना पंधरा दिवस देऊ. त्यांच्याकडून आलं तर आधीचं नाव राहील. नव्या लेखकांनी घड्याळाकडे बघितलं आणि मला एक कागद दिला. (तिथे प्रत्येक पात्राची पानं वेगळी काढतात, कारण बोलणारे नट एकेकटे येऊन आपापलं रेकॉर्ड करून जातात. नवराबायको पडद्यावर भांडत असली तरी इथे नवरा मंगळवारी भांडतो आणि बायको शुक्रवारी.) माझ्या हातात बाईचं पान. अख्ख्या पानावर एक ओळ, ती कोरी. शेजारी शब्दशः अर्थाच्या रकान्यात लिहिलेलं: ‘आणि लोणी कुठे आहे? — त्या देशातल्या एका जुन्या जाहिरातीतले वाक्य. तिथे सर्वांना पाठ. इथे दुसरे काही योजावे.’ खाली ओठांची खूण: सुरुवातीला मिटलेले, नंतर दोनदा पटापट मिटतात, शेवटी तोंड उघडं.

योजावे म्हणे. वन्सं, मी पंधरा दिवसांत जेवढे विनोद वाचले तेवढे आयुष्यात वाचले नव्हते. वाचनालयातून विनोदाची सात पुस्तकं आणली. ग्रंथपाल माझ्याकडे असे बघू लागले की मला वाटलं आता सांत्वनाची वेळ माझ्यावर येते की काय. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत वाक्यं म्हणत बसायची. आरशात ओठ बघायची. प, ब, म शोधता शोधता माझं बोलणंच तसं झालं. शेजारच्या शिंपीणबाईंनी काय चाललंय विचारलं तर मी म्हटलं, ‘भाजी भाजून पापड भाजते.’ त्या म्हणाल्या, भाजी भाजतात का कुणी? मग त्यांनाच धरलं. त्या मशीनवर बसलेल्या, मी उभी, आणि एकेक वाक्य म्हणून त्यांच्याकडे बघायचं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दारात उभं राहून वाक्य म्हणणाऱ्याला समोरून ‘बरं’ आलं की कसं वाटतं. शिंपीणबाई तर बरंही म्हणायच्या नाहीत. टाका तोडून म्हणायच्या, पुढचं.

आपल्याकडची एखादी जाहिरात घालावी, तर ती दोन वर्षांनी कुणाला आठवणार? शिवाय त्या बाईच्या टेबलावर आपली जाहिरात कशी पोचली, असं प्रत्येकाच्या मनात येणार. नव्या लेखकांनीही मधे एक वाक्य पाठवलं: ‘माझंही ऐका कधी, पाहुणे आले म्हणजे तरी मला बोलू द्या.’ पहिले आणि शेवटचे ओठ बसत होते. पण हे वाक्य म्हणायला पाच सेकंद लागतात आणि हसायला अर्धा. त्याला डोळे पुसणारा पाहुणा कसा साजणार? आणि नव्वद मिनिटं गप्प बसलेली बाई तक्रार करायला थोडीच तोंड उघडेल. तक्रार करायची असती तर केव्हाच केली असती. एवढं मला न शिकता कळत होतं.

चौदाव्या दिवशी मी हार मानायला गेले. स्टुडिओत दिग्दर्शक नव्हते. कानवाले म्हणाले, बसा वहिनी, आत सबटायटल चालू आहेत, बघा. म्हणजे त्याच सिनेमाची दुसरी जात: बोलणं मूळ भाषेतलं, खाली मराठी अक्षरं. ते करणारे गृहस्थ निराळे, चष्मेवाले. अत्यंत चिंगूस माणूस, पण चिंगूसपणा अक्षरांचा. खाली दोनच ओळी मावतात, आणि माणूस एका सेकंदात बारा-पंधरा अक्षरांपलीकडे वाचत नाही. त्यातही त्यांचं यंत्र आपल्या काना-मात्रा वेगळ्या मोजतं, म्हणजे ‘कि’ची दोन अक्षरं. त्यामुळे बोलणाऱ्यानं शिव्यांची माळ लावली तरी खाली ‘मूर्खा’ एवढंच येतं. मी विचारलं, बाकीचं? ते म्हणाले, बाकीचं चेहऱ्यावर दिसतंय की.

मी बघत बसले आणि मला एक गोष्ट दिसली. म्हातारा गोष्ट सांगताना मधे थांबतो, पाहुण्यांकडे बघतो, मग शेवटचा शब्द टाकतो. पण खाली अख्खं वाक्य आधीच आलेलं. मी वाचून मोकळी, आणि म्हातारा आपला अजून थांबलेला. त्यानं शेवटचा शब्द टाकला तेव्हा मला ‘अहो, कळलं’ असं म्हणावंसं वाटलं. मी चष्मेवाल्यांना म्हटलं, याच्या तोंडून विनोद तुम्ही आधीच काढून घेता. ते वाक्य दोन तुकड्यांत द्या ना. त्यानं थांबायचं ते आपणही थांबायचं. चष्मेवाल्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या का? मी हो म्हटलं. त्यांनी ते वाक्य तोडलं. पुन्हा लावलं. या वेळी कानवाले हसले. सिनेमा तोच, शब्द तेच, फक्त पाऊण सेकंद इकडचा तिकडे.

मग ते जेवणाचं टेबल आलं. बाई तोंड उघडायच्या आधीच खाली दोन ओळी उमटल्या, दोघांच्या दोन, पुढे एकेक आडवी रेघ:

– ………
– येतेय ती, जरा दम धर.

मी म्हटलं, हे काय? म्हातारा तर नुसता ‘हं’ करतो. चष्मेवाले ओशाळले. वेळ वाचावा म्हणून त्यांनी सबटायटलला यांचीच डबिंगची जुनी फाईल घेतली होती. ती नव्या लेखकांनी छाटायच्या आधीची. पाठमोऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी यांनी घातलेलं वाक्य तिच्यात तसंच राहिलेलं. माझ्या हातात बाईचं पान होतं, बाईच्या पानावर म्हाताऱ्याचं उत्तर कुठून असणार? आणि म्हाताऱ्याच्या पानावरून ते नव्या लेखकांनी केव्हाच खोडलेलं.

येतेय ती, जरा दम धर.

वन्सं, आता तुम्हीच आठवा. घरी पाहुणे आले की यांची ती फोटोची गोष्ट. तुम्ही सगळी भावंडं, आईवडील, अंगणात खुर्च्या मांडलेल्या, फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून, आणि शेजारची बकरी येऊन ते कापड खायला लागते. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन? दर वेळी वेगळी. कधी खुर्ची मोडायची, कधी वडील फोटोवाल्याला ओरडायचे, कधी बकरी निम्म्यावर यायची, आणि कधी सांगण्याच्या भरात हे बकरीच विसरायचे. मी वाढता वाढता म्हणायची, मागच्या वेळी यात एक बकरी पण होती ना. चिडून नाही, हसून नाही. मीठ हवं का विचारावं तसं. आणि हे मागे वळूनही न बघता म्हणायचे, येतेय ती, जरा दम धर. पाहुणे हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही. मला खरंच विचारायचं असायचं.

तर यांनी उत्तर आधी लिहून ठेवलं होतं आणि प्रश्न माझ्यासाठी सोडला होता.

मी चष्मेवाल्यांच्या टेबलावरच घड्याळ लावून ते बकरीचं वाक्य म्हटलं. मा-ला ओठ मिटलेले. बकरीचा ब आणि पणचा प, दोनदा पटापट. शेवटी ना, तोंड उघडं. अडीच सेकंद. आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या बँकेच्या साहेबाच्या गोष्टीत बकरी. कानवाल्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि तोंडावर हात धरला. चष्मेवाले चष्मा काढून पुसू लागले. म्हणजे डोळे पुसणारा पाहुणाही झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हाएकदांसमोर पुन्हा एकदा. ते ऐकून म्हणाले, नाव त्यांचंच राहील. नवे लेखक सभ्य माणूस. म्हणाले, मुळात बकरी नाहीये. मी म्हटलं, लोणी तरी इथे कुठे आहे? ते पहिल्यांदाच दात दाखवून हसले. म्हाताऱ्याचं वाक्य परत आलं. सबटायटलमधून मात्र ते गेलं, आणि तिथे मी हट्ट केला नाही. तिथे मूळ आवाज ऐकू येतो. म्हातारा ‘हं’ म्हणतो हे सगळ्यांच्या कानांना कळतं, मग डोळ्यांना पाच शब्द कसे पटवायचे? तिथे फक्त बाईचं वाक्य, तेही कापून, ‘मागच्या वेळी यात बकरीही होती’, आणि ते बाईनं तोंड उघडल्यावरच उमटतं, आधी नाही. एवढं मी चष्मेवाल्यांकडून कबूल करून घेतलं. म्हणजे अक्षरांत निम्मा विनोद राहिला आणि आवाजात दीडपट झाला. सरासरी काढली तर मूळ सिनेमाएवढा होतो. यांना हा हिशोब आवडला असता.

राहिलं माझं सिनेमात काम करणं. बाईच्या एका वाक्यासाठी ज्या आवाजाच्या कलाकार आल्या होत्या त्या फार गुणी. पण त्या म्हणताना हसवायला म्हणायच्या. बकरी आली की आवाज वर. त्यांच्या ‘बकरी’त मला लोकांना कोपर मारून दाखवणं ऐकू यायचं. पुन्हाएकदांनी मला विचारलं, तुम्ही कसं म्हणायच्या? मी म्हणून दाखवलं. मग मलाच माइकसमोर उभं केलं. त्या कलाकारांनी स्वतः माझ्या कानांवर हेडफोन बसवले आणि सांगितलं, तीन टिकटिक ऐकू येतील, चौथी येणार नाही, तिच्या जागी तुम्ही.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. म्हाताऱ्याचा आवाज अजून रेकॉर्ड व्हायचा होता. मला वेळ कळावी म्हणून कानवाल्यांनी त्या जागी यांनी लिहिताना मापासाठी स्वतःच्या आवाजात करून ठेवलेलं कच्चं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर परदेशी म्हातारा, आणि हेडफोनमध्ये हे. लिफ्टची गोष्ट सांगतायत. घसा थोडा बसलेला. मग तीन टिकटिक. मग माझी जागा, तिथे यांनी काहीच न बोलता अडीच सेकंद सोडलेली. आणि मग, मागे न बघता, येतेय ती, जरा दम धर.

अकरा वेळा घ्यावं लागलं. कधी मी ओठ उशिरा मिटले, कधी ‘ना’ लांबला, एकदा तर मी नुसतीच उभी राहिले. पुन्हाएकदांनी एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाले, झालं, वहिनी. सवय नसली की वेळ लागतोच. मी बरं म्हटलं.

सिनेमा पुढच्या महिन्यात लागतो. दोन्ही जाती लागतील. तुम्ही आवाजाची बघा, अक्षरांची जाऊबाईंना बघू द्या. त्यांना वाचायला आवडतं. पाटीच्या वेळेला जागेवर बसलेल्या असा. उशीर केलात तर यांचं नाव निघून जाईल आणि तुम्ही खुर्ची शोधत राहाल.

घरातल्या लहानमोठ्यांना ज्याला जे साजेल ते सांगा. गुडघ्यांना तेल.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पुन्हाएकदांना कधी भेटलात तर हे सांगू नका. पहिल्याच वेळी बरोबर आलं होतं. मला ऐकू आलं, आणि काचेपलीकडे कानवाल्यांनाही आलं असणार, कारण त्यांनी मान वर केली. पुढच्या नऊ वेळा मी मुद्दाम चुकवल्या.  कानवाले मात्र दर वेळी गोष्ट एकेक वाक्य आणखी मागे जाऊन सुरू करू लागले. शेवटी शेवटी तर पार लिफ्ट बंद पडते तिथपासून.

आणखी ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. तो फोटो तुमच्याकडे आहे, असं हे म्हणायचे. मी कधी बघितला नाही. त्यात बकरी आहे का, ते बघा. नसली तर कळवू नका, फोटो मात्र पाठवा, पाहून परत करीन. सगळे समोर बघत असताना आपण बकरीकडे बघायला वळलो आणि फोटोत पाठमोरे आलो, असं यांचं म्हणणं. तसं असेल तर काही प्रश्न नाही, पाठमोऱ्याच्या तोंडी काय हवं ते घालता येतं. पण समोर बघत असतील, तर ओठ मिटलेले आहेत की उघडे, तेवढं आधी कळवा. मी त्या मापाचं काहीतरी बघून ठेवते.